फोटोतल्या खुर्चीचा माग

सासूबाईंना आमच्या घरातून जायचं होतं. भांडण वगैरे काही नव्हतं, उलट आमचं बरं जमायचं. पण टिटवाळ्याला त्यांचा स्वतःचा वन रूम किचन होता, स्वतःच्या पेन्शनमधून घेतलेला. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्या डोंबिवलीत आमच्याकडे अडकल्या होत्या. अडकल्या हा त्यांचाच शब्द. मला तो लागायचा, पण मी दाखवायची नाही.

नवऱ्याने एक अट घातलेली. ‘‘आई, तू कुणाचा हात न धरता खुर्चीतून उठायला लागलीस की त्या दिवशी तुला टिटवाळ्याला सोडतो. तोपर्यंत विषय नको.’’

अट वाजवी होती, म्हणूनच त्या चिडायच्या. काठी घेऊन चालायच्या छान, पलंगावरूनही उठायच्या, कारण आमचा पलंग उंच. पण सोफ्यात बसल्या की रुतल्याच. प्लास्टिकच्या खुर्चीवर जोर दिला की ती मागे सरकायची. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना हातच नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत. आणि आमच्या घरातलं झाडून सगळं फर्निचर जणू गुडघे वर करण्यासाठीच बनवलेलं. मी स्वतः लोकांच्या फ्लॅटच्या इंटिरियरची ड्रॉइंग काढते. तो बुटका सोफाही मीच पसंत केलेला, तेव्हा याबद्दल जास्त बोलायला नको.

मग ठाण्यात वर्तकनगरच्या एका हॉलमध्ये भाच्याचा साखरपुडा झाला. तिथून परतताना सासूबाई रिक्षात एकदम म्हणाल्या, ‘‘आज मी आपली आपण उठले.’’

‘‘कधी?’’

‘‘ओवाळायला बोलावलं तेव्हा. तू फोटो काढून घेण्यात गुंतली होतीस. मी दोन्ही हातांवर जोर दिला आणि उभी राहिले. सहज. ती खुर्ची शोध.’’

शोध म्हणे! खुर्ची कशी होती विचारलं तर उत्तर आलं, ‘‘लाकडाची. हाताला गोलाई होती.’’ आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईकडून मला याहून जास्त माहितीची अपेक्षा होती.

नशिबाने नणंदेच्या फोनमध्ये एक फोटो सापडला. फोटो खरं तर नवऱ्या मुलीच्या मावशीचा होता, पण तिच्या मागे सासूबाई अगदी एका बाजूने दिसत होत्या. खुर्चीत ताठ बसलेल्या, काठी खुर्चीच्या हाताशेजारी उभी टेकवलेली. खुर्चीचा एक हात, पुढचा पाय, मागचा पाय आणि पाठीचा अर्धा भाग दिसत होता. बैठकीवर हॉलमध्ये असतं तसं पांढरं सॅटिनचं कापड, पुढे झालरीसारखं सोडलेलं.

मी आधी सोपा रस्ता धरला आणि हॉलवर फोन केला. त्यांनी डेकोरेटरचा नंबर दिला. डेकोरेटर ठाण्याचाच, बोलायला मोकळा. ‘‘ती होय! ताई, ती एकच पीस होती आपल्याकडे. वागळे इस्टेटमधली एक कंपनी बंद झालेली ना, तिच्या जुन्या ऑफिसचं सामान मी लॉटमध्ये उचललेलं. पण ती खुर्ची गेली. लोणावळ्याचा एक हॉटेलवाला आलेला, त्याला आवडली, देऊन टाकली.’’

म्हणजे खुर्ची गेली आणि हाती राहिला तो फोटो. मला मात्र, खरं सांगते, आतून बरंच वाटलं. शोधायला काहीतरी मिळालं होतं. रोज तीच मॉड्युलर किचन काढून माणूस कंटाळतो.

फोनवर फोटोवरून शोधायची सोय असते. पहिल्यांदा मी अख्खा फोटो टाकला तर मला मावशीच्या साडीसारख्या पैठण्यांची दुकानं दाखवण्यात आली. मग मी फोटो कापला, मावशी काढली, शक्य तितक्या सासूबाई काढल्या, नुसती खुर्ची ठेवली. आता पडद्यावर खुर्च्याच खुर्च्या आल्या. डेन्मार्कच्या, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, आणि किमती अशा की त्यात टिटवाळ्याच्या फ्लॅटला एक खोली जोडता आली असती. मधूनमधून चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी बनवलेल्या त्या प्रसिद्ध खुर्च्याही येत होत्या. एके काळी भंगारात गेलेल्या, आता परदेशात लिलावात विकल्या जाणाऱ्या.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. पलंगावर, अर्थात. ‘‘ही आहे का?’’ त्यांनी चंदीगडवाल्या खुर्चीवर बोट ठेवलं.

‘‘नाही. हिचे पाय बघा, बाजूने उलट्या व्हीसारखे आहेत. आपल्या खुर्चीचा पुढचा पाय सरळ, गोल, खाली निमुळता होत गेलेला.’’

‘‘मग ती डेन्मार्कची?’’

‘‘तसं वाटतं खरं. पण वेत बघा.’’ मी पाठीचा भाग मोठा केला. पाठीला वेताची जाळी होती, भोकाभोकांतून विणलेली. पडद्यावरच्या डॅनिश खुर्च्यांची बैठक बहुतेक कागदी दोरीने विणलेली होती. लाकूडही त्यांचं वेगळं, ओक नाहीतर अक्रोड. आपलं मधासारखं पिवळट तपकिरी, सागाचं दिसत होतं. अर्थात सागवानी डॅनिश खुर्च्याही असतात, आणि रंग पॉलिशचाही असू शकतो. फोटोवरून लाकूड ओळखतो म्हणणाऱ्यावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही.

पण त्या फोटोत एक गोष्ट होती जी मला स्वस्थ बसू देईना. पुढच्या पायाचं टोक खुर्चीच्या हातातून आरपार वर आलं होतं, आणि त्या गोल टोकात एक गडद रेघ होती. पाचर. पाय खुर्चीच्या हातात घालायचा, वरून फटीत पाचर ठोकायची, म्हणजे सांधा कधी ढिला होत नाही. आणि हाताचं पुढचं टोक रुंद होत जाऊन तिरकं कापलेलं. मी चारपाच वेळा फोटो मोठा करून बघितला. माझा चहा गार झाला आणि सासूबाईंनी तो पिऊन टाकला.

जुन्या फर्निचरच्या हौशी लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. त्यावर मी तो तुकडा टाकला. हौशी लोकांसारखे भांडखोर लोक नाहीत. एक म्हणाला डॅनिश, दुसरा म्हणाला चंदीगड, तिसऱ्याने दोघांनाही अज्ञानी ठरवलं. मग ठाण्याच्या एक बाई आल्या, त्या जुन्या खुर्च्या दुरुस्त करण्याचाच व्यवसाय करतात. त्यांनी मला फोनच करायला सांगितलं.

‘‘ही मुंबईत बनलेली आहे, साधारण साठच्या दशकातली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तेव्हा परदेशी मासिकांत डॅनिश डिझाइन यायची, ती बघून इथले कारखाने ऑफिसांसाठी, क्लबांसाठी अशा खुर्च्या करायचे. सागवान इथलं, वेत इथला. त्यातही हात असा तिरका कापून वर पाचर दाखवणारा एक कारखाना होता, भायखळ्याकडचा. माझ्या हाताखालून त्यांच्या दहाबारा खुर्च्या गेल्यात.’’

‘‘म्हणजे नक्की त्यांचीच?’’

‘‘नक्की नाही म्हणणार. बैठकीच्या चौकटीला आतल्या बाजूने त्यांच्या नावाची छोटी पितळी पट्टी असायची. खुर्ची उलटी केल्याशिवाय ती दिसत नाही, आणि फोटो उलटा करून उपयोग नाही. शिवाय इतर लोक नक्कल करायचेच. तुम्ही ‘त्या घडणीची’ म्हणा, म्हणजे खोटं ठरणार नाही.’’

मग त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात उपयोगी पडलं. विकत घ्यायला निघालात तर डिझाइनचं नाव घेऊच नका. ‘मिड सेंच्युरी’ असं शोधलंत की तीच खुर्ची दुप्पट-चौपट महाग होते. ‘जुनी सागवानी ऑफिस खुर्ची, वेताची’ असं शोधा. विकणाऱ्याला ठाऊक नसतं ते आपल्याला ठाऊक असलं म्हणजे झालं.

मी अगदी तसंच शोधलं आणि कल्याणला एका जुन्या सामानाच्या दुकानाची जाहिरात मिळाली. ‘पुरानी केन चेअर, मजबूत.’ फोटो अंधारा होता, पण हाताचं टोक तिरकं! मी इतक्या जोरात ओरडले की सासूबाईंना वाटलं दूध उतू गेलं.

दुकान म्हणजे एका गाळ्यात कपाटं, पलंग, देवघरं आणि तीन बंद फ्रीज एकावर एक रचलेले. आमची खुर्ची सगळ्यात मागे. मी तिथेच ती उलटी केली. चौकटीवर स्क्रूची दोन छोटी भोकं होती आणि मधल्या जागेचं लाकूड जरा गडद, पट्टीएवढंच. पट्टी नव्हती. ती केव्हातरी पडली असेल नाहीतर कुणी काढली असेल. पण पाचर होती. मी लाकडाला बोटांनी टकटक केलं, किडीची भोकं आहेत का बघितलं, पायांना हलवून सांधे तपासले. वेत नवा विणलेला होता. दुकानदार माझ्याकडे जरा संशयाने बघत होता.

‘‘मॅडम, बसायलाच हवी ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग बसून बघा की. लोक उलटी करून बघतात, असं मी पहिल्यांदा बघतोय.’’

बसले. छान होती. किमतीवर थोडी घासाघीस झाली, ती व्हायचीच. नव्या सोफ्याच्या मानाने ती खुर्ची स्वस्तच पडली. टेम्पोत टाकली आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. पत्री पुलावर ट्रॅफिक होता, तरी मला कंटाळा आला नाही. एका मावशीच्या पाठीमागून अर्धवट डोकावणारी वस्तू मी हुडकून काढली होती. मला स्वतःचा फारच अभिमान वाटत होता.

घरी सासूबाई नऊवारी नेसल्यासारख्या सजून वाट बघत होत्या, म्हणजे केस विंचरलेले आणि चांगला गाऊन. त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. ‘‘हीच,’’ म्हणाल्या. बसल्या. काठी बाजूला उभी केली. दोन्ही हातांवर जोर दिला.

उठता आलं नाही.

पुन्हा प्रयत्न केला. अर्ध्यावर येऊन परत बसल्या. तिसऱ्या वेळी त्यांचे दंड थरथरायला लागले, मी नकळत हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. त्यांचा हात गार होता. उभ्या राहिल्यावर त्या आत निघून गेल्या. नवरा संध्याकाळी आला, खुर्ची बघून म्हणाला, ‘‘अरे वा, मस्त आहे. मग, जमलं?’’ मी त्याला असं काही उत्तर दिलं की तो मुकाट्याने हातपाय धुवायला गेला.

त्या रात्री सासूबाई नीट जेवल्या नाहीत. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. राग त्यांच्यावर नाही, खुर्चीवर. घडण तीच, लाकूड तेच, टोक तेच, पाचर तीच. मग उठवत का नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सासूबाईंना मुद्दाम घरातल्या हॉलमध्ये आणलं. त्या नाही म्हणत होत्या. ‘‘बसा एकदा. फोटो काढायचाय.’’

‘‘कशाला? माझ्या फजितीचा?’’

‘‘तपासाचा.’’

तपास म्हटल्यावर त्या बसल्या. मी नणंदेच्या फोटोसारखाच, एका बाजूने, तेवढ्याच उंचीवरून फोटो काढला आणि दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले. आणि दिसलं. जुन्या फोटोत सासूबाईंचे हात खांद्यापासून खाली सैल सुटलेले, कोपर जवळजवळ सरळ, तळवे खुर्चीच्या हातांवर. नव्या फोटोत त्यांचे खांदे वर आलेले, कोपरं उचललेली, उंच बाकाशी बसवलेल्या लहान मुलीसारखी.

‘‘मी इथे खाली बसलेय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘किंवा इथले हात उंच आहेत. खुर्ची दुसरी असेल.’’

त्या पुढे वाकल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘माझी काठी.’’

दोन्ही फोटोंत काठी उभी होती, खुर्चीच्या हाताला लागून. तीच ॲल्युमिनियमची काठी, उंचीचं बटण त्याच भोकात, कारण ते ऑपरेशननंतर कुणी हलवलंच नव्हतं. आणि ती खुर्चीच्या इतकी जवळ होती की लांब-जवळच्या फरकाने माप बिघडण्याची भीती नव्हती.

‘‘टेप आण,’’ सासूबाईंनी फर्मान काढलं. ‘‘काठी मोज. मग पडद्यावर काठी किती, खुर्चीचा हात किती, बैठक किती, ते सांग. त्रैराशिक मी मांडते.’’

मी पडद्यावर पट्टी लावून आकडे सांगत गेले आणि त्या जुन्या कॅलेंडरच्या मागे मांडत गेल्या. कित्येक महिन्यांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता, शाळेतला. खुर्चीच्या हाताची उंची दोन्ही फोटोंत सारखी आली. जवळजवळ सारखी, जो थोडा फरक होता तो माझ्या पट्टीचा. म्हणजे खुर्ची तीच होती, त्याच घडणीची, मी चुकले नव्हते. बैठक मात्र जुन्या फोटोत साडेतीन इंच वर होती.

‘‘खुर्ची तीच आणि बैठक वेगळी?’’ त्या म्हणाल्या. ‘‘असं कसं?’’

आम्ही दोघी त्या फोटोकडे बघत राहिलो. आणि मग मला ते पांढरं कापड दिसलं. म्हणजे ते पहिल्यापासून दिसत होतंच. पण लग्नाच्या हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीवर ते असतं, त्यामुळे मी ते बघितलंच नव्हतं. पैठणी कापून काढली, मावशी कापून काढली, पायाच्या टोकातली पाचर शोधली, आणि ज्याच्यावर बाई बसली होती ते सोडून दिलं.

मी तिथेच डेकोरेटरला फोन लावला, स्पीकरवर.

‘‘हां ताई, बोला. अहो, तिचा वेत फाटलेला ना! बसणारा खाली जायचा पार. मी आत प्लायची फळी टाकलेली, वर काथ्याची गादी, अन् वरून कापड. साखरपुड्याचं घर, फाटकं कसं दिसू द्यायचं?’’

‘‘मग मला आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘तुम्ही खुर्चीचं विचारलं. गादीचं कुठं विचारलं?’’

सासूबाई हसल्या. मोठ्याने, पदर नव्हता म्हणून तोंडावर हात घेऊन. मग मीही हसले. वेत फाटका होता म्हणून त्या उठल्या होत्या, आणि मी मात्र नवा, सुबक, मऊ खाली जाणारा वेत बघून खुश होऊन ती खुर्ची आणली होती.

माझ्या कामावरचा सुतार प्लायची फळी कापून देऊन गेला. कोपरे गोल केले, खाली दोन पट्ट्या मारल्या, म्हणजे ती चौकटीत बसेल आणि उठताना सरकणार नाही. वेताला हात लावला नाही. वर घट्ट फोमची गादी, दाबली तरी फारशी न दबणारी, आणि पक्कं जाड कापड. पांढरं नको, असं सासूबाईंनी बजावलं.

त्या बसल्या. गुडघे खुब्याच्या खाली आले. पाय जरा मागे घेतले, तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले, पुढे झुकल्या आणि उठल्या. उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला भीतीच वाटली. मग पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, परत आल्या, बसल्या, उठल्या. मी म्हटलं, ‘‘पुरे आता, दमाल.’’ त्या म्हणाल्या, ‘‘तू गप्प बस.’’

संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी उठायच्या आत त्या उठल्या आणि दार त्यांनी उघडलं. नवरा बाहेर बूट हातात घेऊन उभा राहिला. आईकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘रविवारी सोडतो.’’

या क्षणासाठी मी इतके दिवस फोटो मोठे करत बसले होते. आणि रविवार म्हटल्यावर मात्र माझा गार चहा कोण पिणार, सोफ्याला नावं कोण ठेवणार, असलं काहीतरी डोक्यात यायला लागलं. फळी अर्धा इंच खाली लावली असती तर, असाही एक विचार आला. आला तसा मी तो हाकलला, पण आला होता हे खरं.

रविवारी टेम्पोत खुर्ची चढली, गादीला प्लास्टिक गुंडाळून. सासूबाई रिक्षाजवळ उभ्या होत्या, काठी एका हातात. मी वाकून नमस्कार केला आणि तशीच रडायला लागले, रस्त्यावर, सोसायटीच्या वॉचमनसमोर.

‘‘अगं, रडतेस काय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुसरी शोधायला घे.’’

‘‘दुसरी कशाला? एक पुरेल तुम्हाला.’’

‘‘ती माझ्या घरी. इथे आले की मी काय तुझ्या त्या सोफ्यात रुतून बसू?’’